समितीपुढे संशोधन प्रस्ताव मांडताना: धर्म-अभ्यासासाठी स्लाइडचा आराखडा आणि तोंडी सारांश

प्रस्ताव लिहून झाला, मार्गदर्शकांची सही झाली, आणि आता समितीपुढे पंधरा मिनिटं बोलायचं आहे. नवखे विद्यार्थी इथे बहुधा एकच चूक करतात. प्रस्तावाची फाइल उघडून मथळ्यामागून मथळा स्लाइडवर चिकटवत जातात. प्रस्तावना, साहित्याचा आढावा, उद्दिष्टं, गृहीतकं, पद्धती असं करत चाळीस स्लाइड होतात, आणि अकराव्या मिनिटाला माणूस अजून ‘धर्म या शब्दाच्या विविध व्याख्या’ इथेच अडकलेला असतो.

समितीने प्रस्ताव वाचलेला असतो. (नसला तरी तसं कोणी कबूल करत नाही.) त्यामुळे प्रस्ताव पुन्हा ऐकण्यात त्यांना रस नसतो. त्यांना तीन गोष्टी ठरवायच्या असतात: प्रश्न खरा आहे का, हाताशी असलेल्या साधनांतून त्याचं उत्तर निघू शकतं का, आणि ठरलेल्या मुदतीत हे काम या माणसाला पेलेल का. स्लाइडवर जे येईल ते या तिन्हींपैकी एकीच्या कामाचं असलं पाहिजे.

हे नुसतं नियमांत सांगून कळत नाही, म्हणून एक प्रस्ताव हाती घेऊ आणि तो शेवटपर्यंत नेऊ. विषय आहे थेरीगाथा, म्हणजे पाली त्रिपिटकाच्या खुद्दक निकायातला भिक्षुणींच्या कवितांचा संग्रह. त्यात ७३ कविता आहेत, आणि त्या गाथांच्या, म्हणजे श्लोकांच्या, संख्येप्रमाणे लावलेल्या आहेत: आधी एका गाथेच्या, मग दोन गाथांच्या, असं वाढत वाढत. या कवितांवर धम्मपालाची अट्ठकथा, म्हणजे पाली भाष्य, आहे. प्रत्येक कविता कोणाची आणि ती बोलण्याआधी तिच्या आयुष्यात काय घडलं, हे अट्ठकथा सांगते. आपला काल्पनिक विद्यार्थी या दोहोंमधल्या नात्यावर प्रबंध लिहू पाहतोय.

आधी दीड मिनिटाचा सारांश, स्लाइड नंतर

स्लाइडचं सॉफ्टवेअर इतक्यात उघडू नका. आधी दीड मिनिटात बोलून होईल एवढा सारांश कागदावर लिहा. बोलण्याचा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून स्वतःचा मोजून घ्या: एखादा परिच्छेद घड्याळ लावून शांतपणे मोठ्याने वाचा आणि एका मिनिटात किती शब्द झाले ते पाहा. मराठीत मिनिटाला शंभर शब्द धरले तर साधारण जमतं. म्हणजे दीड मिनिटाला दीडशे शब्द. पाली किंवा संस्कृत उद्धरण असेल तर वेग आणखी उतरतो, तेव्हा तिथे हात राखून ठेवा.

पहिला मसुदा बहुतेकदा असा उतरतो: ‘बौद्ध धर्मात स्त्रियांना महत्त्वाचं स्थान होतं. थेरीगाथा हा स्त्रियांनी रचलेल्या काव्याचा अत्यंत प्राचीन संग्रह आहे. प्रस्तुत संशोधनात थेरीगाथेतील स्त्री-अनुभवाचा अट्ठकथेच्या संदर्भात चिकित्सक अभ्यास केला जाईल.’

वरवर पाहता यात वावगं काही नाही, पण चर्चेला धरायला एकही जागा नाही. शिवाय तीन वाक्यांत दोन दावे असे आहेत की त्यांवरच पहिली दहा मिनिटं खर्ची पडतील. ‘महत्त्वाचं स्थान’ हा निवाडा झाला, आणि तो संशोधकाचा आहे की परंपरेचा, ते कळत नाही. ‘स्त्रियांनी रचलेल्या’ हे तर याच प्रबंधात तपासायचं आहे, आणि इथे ते गृहीत धरलंय. ‘चिकित्सक अभ्यास’ म्हणजे नेमकं काय करणार, तेही कुणाला सांगता येणार नाही.

आता दुसरा मसुदा पाहा:

‘किसागोतमी म्हटलं की मोहरीची गोष्ट आठवते. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती दारोदार हिंडते, आणि ज्या घरात कधी कोणी मेलं नाही अशा घरातली मोहरी तिला कुठेच मिळत नाही. थेरीगाथेत तिच्या नावावर अकरा गाथांची कविता आहे. तिच्यात मोहरी नाही. तिथे दोन गाथांत दुसरीच हकिकत आहे: बाळंतपण जवळ आलेलं, नवरा वाटेत मेलेला, दोन मुलं गेलेली, आई, बाप आणि भाऊ एकाच चितेवर. सांगणारी “मी” म्हणून सांगते. परंपरेत ही हकिकत पटाचारा या दुसऱ्या भिक्षुणीची आहे. अट्ठकथाही म्हणते की या दोन गाथा पटाचारेबद्दल आहेत. माझा प्रश्न असा: कवितेतली “मी” कोण, हे अट्ठकथा कशावरून ठरवते, आणि तसं ठरवताना चरित्रकथेचा उपयोग कसा करते? त्यासाठी मी ७३ कवितांची एकदा छाननी करणार आहे आणि त्यांतल्या बारा कविता अट्ठकथेसह ओळीओळीने वाचणार आहे. या भिक्षुणी इतिहासात खरोखर होत्या का, हा प्रश्न मी घेतलेला नाही.’

हा मसुदा साधारण सव्वाशे शब्दांत बसतो. ऐकणाऱ्याला पाली येत नसलं तरी अडचण कुठे आहे ते दिसतं. समितीत एखादे सदस्य मानववंशशास्त्राचे किंवा तत्त्वज्ञानाचे असतात, आणि त्यांचंही मत मोजलं जातं हे विसरू नये. शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं आहे. प्रबंध काय सिद्ध करणार नाही हे सुरुवातीलाच सांगितलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप गळतात.

एक खबरदारी घ्या. ‘तिच्यात मोहरी नाही’ हे म्हणता येतं. ‘तिच्यात मुलाच्या मृत्यूचा उल्लेखच नाही’ असं म्हणालात तर अडकलात, कारण दोन मुलं गेल्याचं कवितेतच आहे, शिवाय २२१व्या गाथेत स्मशान आहे आणि मुलांच्या मांसाचा उल्लेखही आहे. समितीतल्या पाली जाणणाऱ्या सदस्यांचं बोट नेमकं तिथेच जाईल. सारांशातलं प्रत्येक नकारार्थी वाक्य मूळ संहितेसमोर धरून तपासा. ‘नाही’, ‘कधीच’, ‘प्रथमच’ हे शब्द असलेली वाक्यं सर्वांत आधी कोसळतात.

नऊ स्लाइड, तेरा मिनिटं

वेळ पंधरा मिनिटांचा असेल तर मजकूर तेरा मिनिटांचा तयार करा. प्रत्यक्षात बोलताना एखाद-दुसरं मिनिट वाढतंच. मध्येच कोणी ‘मागची स्लाइड दाखवा’ म्हणतं, प्रोजेक्टर जागा व्हायला वेळ घेतो. तुमच्या विभागाचा नियम वेगळा असेल तर पुढची वाटणी त्याच प्रमाणात कमी-जास्त करा.

आपल्या उदाहरणात वाटणी अशी बसते. शीर्षकाला वीस सेकंद. मग किसागोतमीचा दाखला, पूर्ण तीन मिनिटं. संशोधन प्रश्नाला एक मिनिट. आधी झालेल्या कामाला दोन. साधनं आणि आवृत्त्या यांना दीड. पद्धतीला अडीच. मर्यादा आणि संशोधकाची भूमिका यांना मिळून एक. प्रकरणं आणि वेळापत्रक, एक. शेवटी समितीकडून काय हवं आहे त्याला पाऊण मिनिट. बेरीज तेरा मिनिटं पाच सेकंद.

यात दाखला प्रश्नाच्या आधी आलाय आणि त्याला सर्वांत जास्त वेळ दिलाय. धर्म-अभ्यासातले प्रश्न ऐकायला फार अमूर्त वाटतात: ‘अधिकार कसा निर्माण होतो’, ‘संहितेचा अर्थ कोण ठरवतं’. आधी एक ठोस जागा दाखवली, तिथली खाच बोट ठेवून दाखवली, की मग प्रश्न लोक तुमच्याआधी स्वतःच विचारतात.

प्रत्येक स्लाइडचा मथळा पूर्ण वाक्य असावं. ‘पद्धती’ असा मथळा लिहिला की त्याखाली काहीही भरता येतं आणि भरलं जातं. ‘आधी ७३ कवितांची तीन गटांत छाननी, मग बारांचं सखोल वाचन’ असं लिहिलं की त्या स्लाइडवर काय ठेवायचं आणि काय काढायचं ते आपोआप ठरतं. नुसते नऊ मथळे वर-खाली लिहून मार्गदर्शकांना वाचायला द्या. तेवढ्यावरून युक्तिवाद कळला नाही तर आत कितीही सजावट करून उपयोग नाही.

दाखल्याची स्लाइड

ही स्लाइड नीट बांधली तर अर्धी लढाई इथेच होते, म्हणून तिच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा.

डावीकडे मूळ ओळ, उजवीकडे तुमचा स्वतःचा अनुवाद. किसागोतमीची कविता २१३ ते २२३ या गाथांत आहे. ती सगळी स्लाइडवर घालू नका. २१८व्या गाथेतला एक तुकडा पुरेसा आहे: ‘अद्दसाहं पतिं मतं’, म्हणजे ‘मी नवरा मेलेला पाहिला’. यातला ‘अहं’ वेगळ्या रंगात ठेवा. त्याखाली २२०व्या गाथेतला तुकडा: ‘अनुभूतं ते दुखं अपरिमाणं’, म्हणजे ‘अपार दुःख तू भोगलंस’. इथला ‘ते’ त्याच रंगात. दोनच गाथांच्या अंतरात ‘मी’ची ‘तू’ झाली. पाली न येणाऱ्यालाही दोन रंगीत शब्दांवरून एवढं कळतं.

स्लाइडच्या खालच्या भागात तीन छोट्या ओळी. पटाचारेच्या स्वतःच्या कवितेत, ११२ ते ११६ या पाच गाथांत, नांगरलेलं शेत आहे, पाय धुतलेलं पाणी आहे, विझणारा दिवा आहे, पण कुटुंबाच्या मृत्यूची हकिकत नाही. ती हकिकत किसागोतमीच्या कवितेत आहे. आणि किसागोतमीची मोहरीची गोष्ट अट्ठकथेत आहे.

बोलताना हाच क्रम ठेवा आणि घाई करू नका. आधी मोहरीची ओळखीची गोष्ट दोन वाक्यांत, मग कविता, मग पटाचारा, आणि शेवटी अट्ठकथा या गुंत्याचं काय करते ते. इथे एक मोह होतो तो म्हणजे ‘अट्ठकथाकाराने चूक केली’ असं म्हणण्याचा. तसं म्हणू नका. आवाज कवितेतच बदलतोय. म्हणजे अडचण भाष्याने निर्माण केलेली नाही. संहितेतच ती आहे, भाष्य तिच्यावर एक उत्तर देतंय. हे उत्तर कसं तयार होतं, हा अभ्यासाचा विषय. बरोबर-चूक ठरवायला निघालात की तुम्ही परंपरेशी वाद घालणारे होता, आणि मग समितीही तुमच्याशी त्याच पातळीवर वाद घालते.

पाली ओळ मोठ्याने वाचायचीच असेल तर ती वीस वेळा वाचून जिभेवर बसवा. अडखळत वाचलेली एक ओळ ऐकणाऱ्याच्या मनात लगेच शंका उभी करते: याला अट्ठकथा वाचता येईल का? आत्मविश्वास नसेल तर ओळ स्लाइडवर राहू द्या आणि फक्त अनुवाद वाचा. त्यात कमीपणा नाही.

आधीचं काम: नावांची यादी नको

साहित्याच्या आढाव्याची स्लाइड म्हणजे बहुधा पंधरा आडनावं आणि साली. ती कोणी वाचत नाही, पण त्यात आपलं नाव आहे का हे मात्र सदस्य पाहतात. त्याऐवजी कामांचे प्रवाह मांडा. इथे तीन पुरतात. पहिला संहिता आणि अनुवादांचा: रिचर्ड पिशेल यांनी संपादित केलेली थेरीगाथा पाली टेक्स्ट सोसायटीने १८८३ मध्ये छापली, कॅरोलाइन ऱ्हिस डेव्हिड्स यांचा इंग्रजी अनुवाद १९०९ मध्ये आला, के. आर. नॉर्मन यांचा टीपांसह अनुवाद १९७१ मध्ये. दुसरा प्रवाह या कवितांतून प्राचीन स्त्रियांचं जीवन शोधणाऱ्यांचा. तिसरा अट्ठकथांकडे साहित्यकृती म्हणून पाहणाऱ्यांचा.

प्रत्येक प्रवाहापुढे एकच वाक्य: त्याने ‘मी कोण’ या प्रश्नाचं काय केलं? अनुवादक त्याला टीपेत हात लावतात, कारण ओळीचा अर्थ लावताना त्यांना थांबावंच लागतं. स्त्रीजीवन शोधणारे बहुधा चरित्रकथा आणि कविता एकत्र करून वाचतात. आणि तुमचं काम कुठे बसतं, ते तिसऱ्या प्रवाहापुढे लिहा. ‘या विषयावर आजवर कोणीही काम केलेलं नाही’ हे वाक्य मात्र चुकूनही नको. समितीतला कोणी ना कोणी एक तरी लेख काढून दाखवतोच, आणि मग बाकीचा वेळ त्या लेखावरच जातो.

साधनं, आवृत्त्या आणि एक किचकट गोष्ट

कोणती आवृत्ती वापरणार ते स्लाइडवर नावानिशी लिहा. गाथांचे क्रमांक आवृत्तीनुसार सरकतात. पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीत एकूण ५२२ गाथा धरल्या आहेत, दुसऱ्या आवृत्त्यांत बेरीज थोडी वेगळी निघते, कारण एखादी गाथा दोन म्हणून मोजली जाते किंवा दोन मिळून एक. आपण आत्ता पाहिलेल्या २२१व्या गाथेत आवृत्त्यांमध्ये पाठभेदही आहे. एका स्लाइडवर एका आवृत्तीचे क्रमांक आणि दुसऱ्या स्लाइडवर दुसरीचे, असं झालं की तुम्ही इंटरनेटवरून उचललेल्या मजकुरावर काम करताय असा समज होतो, आणि बऱ्याचदा तो खराही असतो.

अनुवाद कोणाचा, हेही सांगा. दुसऱ्याच्या अनुवादावर ‘मी’चा युक्तिवाद उभा करता येत नाही, कारण पालीत कर्ता क्रियापदातच दडलेला असतो आणि अनुवादक तो उघड करताना काहीतरी निवडतो. हे वाक्य स्लाइडवर नको, पण तोंडी एकदा यायला हवं. भाषा तुम्हाला का हवी आहे, याचं एवढं कारण पुरे.

पद्धत दाखवा, पद्धतीचं नाव घेऊन थांबू नका

‘अर्थनिर्णयनशास्त्रीय दृष्टिकोन’, ‘घटनाविवेचन’, ‘स्त्रीवादी वाचन’ असे शब्द पद्धतीच्या स्लाइडवर नुसते टाकले की समिती विचारते, ‘म्हणजे सोमवारी सकाळी टेबलावर बसून नेमकं काय करणार?’ त्या प्रश्नाचं उत्तर स्लाइडवरच द्या.

आपल्या उदाहरणात छाननीचे तीन गट आहेत. पहिल्या गटात अशा कविता, ज्यांत आयुष्याची हकिकत कवितेतच आहे. इसिदासी, गाथा ४०० ते ४४७, तिथे ती आपली लग्नं आणि त्याआधीचे जन्म स्वतःच सांगते. दुसऱ्या गटात कविता त्या बाबतीत गप्प असते आणि चरित्र फक्त अट्ठकथेत येतं. पटाचारा इथे येते, आणि अंबपालीही: २५२ ते २७० या गाथांत तारुण्यातलं शरीर आणि म्हातारपण यांची ओळीओळीने तुलना आहे, पण ती गणिका होती हे कवितेत म्हटलेलं नाही. तिसऱ्या गटात कवितेतला बोलणारा आणि अट्ठकथेने सांगितलेली व्यक्ती यांच्यात फट असते. किसागोतमी तिथे. तीन गट, प्रत्येकाला एक नाव आणि एक ओळ, एवढ्यावर स्लाइड संपते.

मग बारा कविता का आणि कशा निवडणार ते सांगा: प्रत्येक गटातून चार, त्यांत लहान आणि मोठ्या दोन्ही. निवडीचा नियम सांगितला नाही तर ‘तुमच्या सोयीच्या तेवढ्याच घेतल्या’ हा आरोप हमखास येतो, आणि त्यावर नंतर उत्तर देणं अवघड जातं.

प्रत्येक कवितेवर विचारायचे प्रश्नही आधीच ठरलेले असावेत. क्रियापद कोणत्या पुरुषात आहे? संबोधन आहे का? अट्ठकथा बोलणाऱ्याचं नाव कुठे घेते, गाथेआधी की गाथेवरच्या स्पष्टीकरणात? ती अपदानातल्या, म्हणजे पूर्वजन्मांच्या कथा सांगणाऱ्या पाली ग्रंथातल्या, गाथा उद्धृत करते का? एवढे चार प्रश्न ज्याला माहीत आहेत तो कोणतीही कविता उचलून तेच काम करू शकेल. पद्धत खरी आहे याची हीच खूण.

आणि शेवटी: काय आढळलं तर तुमचा अंदाज चुकला असं तुम्ही मान्य कराल? हे सांगायला विद्यार्थी घाबरतात. पण तिसऱ्या गटात दोन-चारच कविता निघाल्या तर ‘चरित्रकथा आवाज ठरवते’ हा अंदाज फार पुढे जाणार नाही, आणि मग प्रबंध दुसऱ्या गटावर, म्हणजे कविता गप्प असताना भाष्य काय करतं यावर, वळेल. हे दोन वाक्यांत सांगा. पुढे मुदतीत काम आटोपेल का या शंकेचंही निम्मं उत्तर त्यातच मिळतं.

श्रद्धा आणि संशोधन: एकच मिनिट, पण तयार

धर्म-अभ्यासाच्या समितीत हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच: तुम्ही या परंपरेतले आहात का, आणि नसलात तर तुम्हाला ती कळेल का? किंवा उलट: परंपरेतले असाल तर तुमच्याच्याने तिची चिकित्सा होईल का?

संशोधकाची भूमिका सांगताना स्वतःची श्रद्धा जाहीर करणं सक्तीचं नाही. प्रबंध कोणत्या दाव्यांवर मत देत नाही एवढं सांगायचं असतं. धर्म-अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी ज्याला पद्धतीपुरता अज्ञेयवाद म्हटलं, त्याचा व्यवहारात अर्थ एवढाच: किसागोतमी अर्हत झाली का, यावर प्रबंध होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. अट्ठकथा तसं सांगते, आणि कसं सांगते, ते तपासतो. बोलताना याची खूण क्रियापदांत दिसली पाहिजे. ‘किसागोतमीला ज्ञानप्राप्ती झाली आणि तिने ही गाथा म्हटली’ असं म्हणू नका. ‘अट्ठकथेनुसार तिने ही गाथा अर्हत झाल्यावर म्हटली’ असं म्हणा. ‘नुसार’, ‘परंपरा सांगते’, ‘संहितेत म्हटलंय’ हे शब्द विसरले की तुमच्या तोंडून नकळत धर्मोपदेश होतो. आणि ‘दंतकथा’, ‘भाकडकथा’, ‘अंधश्रद्धा’ हे शब्द वापरले की उलट बाजूने तेच होतं. सरावाच्या ध्वनिमुद्रणात फक्त ही क्रियापदं ऐकत जा. बहुतेक घसरण दाखल्याच्या स्लाइडवर सापडते, कारण तिथे आपण गोष्ट सांगण्याच्या भरात असतो.

विषय जिवंत माणसांशी संबंधित असेल, म्हणजे मुलाखती, विधींचं निरीक्षण, एखाद्या समुदायाची हस्तलिखितं, तर इथे संमती, नावं लपवणं आणि काय छापायचं नाही यावर वेगळी स्लाइड लागते, आणि नैतिकता समितीची मंजुरी कुठवर आली तेही. थेरीगाथेसारख्या संहितेच्या प्रबंधात ही गरज नसते, तेव्हा उगाच एक स्लाइड भरू नका.

वेळापत्रक आणि शेवटची स्लाइड

वेळापत्रक अंदाजाने लिहू नका. एक कविता अट्ठकथेसकट पूर्ण वाचून, अनुवाद करून, चारही प्रश्नांची उत्तरं भरून किती तास लागतात ते घड्याळ लावून पाहा. त्याला बाराने गुणा, आणि वर निम्मं धरा, कारण इसिदासीसारख्या मोठ्या कवितेला अकरा गाथांच्या कवितेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. मग तो आकडा महिन्यांत मांडा. ‘अट्ठकथा वाचन: सहा महिने’ या ओळीमागे मोजलेले तास आहेत हे सांगितलंत की त्यावर प्रश्न येत नाही.

शेवटची स्लाइड ‘धन्यवाद’ची नको. ती चर्चा संपेपर्यंत पडद्यावर राहते, मग त्या जागी कामाचं काहीतरी ठेवा: समितीने कशावर निर्णय द्यावा. इथे दोन मुद्दे पुरेत. बारा कवितांची निवड मान्य आहे का? आणि अपदानाचा समावेश फक्त अट्ठकथेतल्या उद्धरणांपुरता ठेवावा, की अपदान स्वतंत्रपणेही वाचावं? असे प्रश्न समोर असले की चर्चा ‘बौद्ध धर्म म्हणजे काय’ इकडे वाहत जात नाही.

राखीव स्लाइड आणि तालीम

शेवटच्या स्लाइडनंतर तीन-चार राखीव स्लाइड ठेवा, मोजणीत न धरता. त्यांवर किसागोतमीच्या अकराही गाथा अनुवादासह, २२१चा पाठभेद, आणि धम्मपालाच्या काळाविषयीचं एक टिपण. तो साधारणपणे बुद्धघोष या प्रसिद्ध अट्ठकथाकारानंतरचा मानला जातो, पण नेमका काळ वादातला आहे, आणि तुमचा युक्तिवाद नेमक्या शतकावर उभा नाही, हे तिथे एका ओळीत. कोणी विचारलं तर स्लाइडचा क्रमांक टाइप करून थेट तिथे जा. त्यासाठी क्रमांक हातातल्या कागदावर लिहिलेले हवेत.

तांत्रिक बाजूला एकच खरा धोका आहे: देवनागरी जोडाक्षरं आणि पालीची रोमन चिन्हं दुसऱ्या संगणकावर फुटतात. तुमच्याकडे सुंदर दिसणारी ओळ तिथे चौकोनांची रांग होते. स्लाइड फॉन्टसह PDF करून घ्या, आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी त्याच खोलीतल्या संगणकावर उघडून पाहा.

तालीम तीन वेळा पुरते. पहिली एकट्याने, घड्याळ लावून, उभं राहून. बसून बोललेला मजकूर उभं राहून बोलताना लांबतो. दुसरी विषयाबाहेरच्या माणसासमोर. त्याला शेवटी एकच विचारा: ‘माझा प्रश्न काय होता?’ त्याने ‘भिक्षुणींबद्दल काहीतरी’ असं उत्तर दिलं तर दाखल्याची स्लाइड पुन्हा बांधायला घ्या. तिसरी मार्गदर्शकांसमोर, आणि त्यांना मध्ये थांबवून प्रश्न विचारायला सांगा, कारण थांबल्यावर पुन्हा धागा पकडणं हेच सर्वांत अवघड जातं. तो पकडायला सोपं जावं म्हणून कागदावर प्रत्येक स्लाइडसाठी पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य, एवढंच पूर्ण लिहा. मधला भाग मुद्द्यांत असू द्या.

प्रत्यक्ष चर्चेत प्रत्येक प्रश्न शब्दशः लिहून घ्यायला सोबत्याला बसवा. उत्तर देताना स्वतःला लिहिता येत नाही, आणि समितीचे शेरे हाती येतात तेव्हा ते बऱ्याचदा दोन ओळींत आटोपलेले असतात. त्या संध्याकाळी प्रश्नांची यादी समोर ठेवून प्रत्येकापुढे लिहा: प्रस्तावात बदल हवा, पहिल्या प्रकरणात टीप हवी, की फक्त स्लाइड अस्पष्ट होती.